‘काका, तुम्हीच रद्द करा, पैसे लगेच येतील’ : एका फोनवर गेलेले २६,४६० रुपये

हॉटेलच्या आरक्षणातील फसवणूक म्हटली की खोटी संकेतस्थळे, भलत्याच माणसाचा क्यूआर कोड आणि पैसे भरल्यावर बंद होणारे फोन एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. आमच्या बाबतीत हॉटेल खरे होते, खोल्या खऱ्या होत्या, अ‍ॅप सर्वांच्या ओळखीचे होते आणि पैशांची पावतीही अस्सल होती. तरीही २६,४६० रुपये गेले, आणि ते ज्या पद्धतीने गेले तिला फसवणूक म्हणायलाही कोणते कार्यालय तयार नव्हते. प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे हॉटेलचे, अ‍ॅपचे किंवा कोणत्याही कार्यालयाचे नाव मी येथे घेत नाही. पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण गर्दीच्या मोसमात ती कोणाच्याही वाट्याला येऊ शकते.

नाताळच्या सुट्टीत मालवणच्या बाजूला जायचे म्हणून २ नोव्हेंबर २०२५ रोजी मी अ‍ॅपवरून किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात दोन खोल्या घेतल्या. मुक्काम २४ ते २७ डिसेंबर, म्हणजे तीन रात्री. खोलीचा दर रात्रीला ४,२०० रुपये, दोन खोल्यांचे तीन रात्रींचे २५,२०० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी १,२६० रुपये, असे एकूण २६,४६० रुपये मी क्रेडिट कार्डाने त्याच वेळी भरले. अट अशी होती की १७ डिसेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत आणि त्यानंतर रद्द केल्यास काहीही परत नाही. ही अट मी वाचली होती आणि ती मला मान्यही होती, कारण आम्ही जाणारच होतो. कोकण रेल्वेची तिकिटे हातात होती, आई बरोबर येणार होती, बहिणीचे कुटुंब मुंबईहून परस्पर येणार होते.

२१ डिसेंबरला, रविवारी सकाळी, हॉटेलच्या व्यवस्थापकाचा फोन आला. अत्यंत अदबशीर आवाज. वरच्या मजल्यावरची पाण्याची पाइपलाइन फुटली आहे, दोन्ही खोल्यांत पाणी आले आहे, दुरुस्तीला आठवडा लागेल, खोल्या देता येणार नाहीत, असे त्याने सांगितले. मी अर्थातच चिडलो. तेव्हा तो म्हणाला, “काका, आमच्याकडून रद्द केलं तर अ‍ॅपवाले पैसे पंधरा-वीस दिवस अडकवतात. तुम्हीच तुमच्या मोबाइलवरून रद्द करा, पैसे लगेच येतील. मी इथून शुल्क माफ करतो.”

अ‍ॅपवर रद्द करण्याचे बटण दाबल्यावर आधी कारण विचारले जाते. त्या यादीत ‘हॉटेलने रद्द करण्यास सांगितले’ असा स्वच्छ पर्याय होता. व्यवस्थापक फोनवरच होता आणि त्याने मला ‘प्रवासाचा बेत बदलला’ हा पर्याय निवडायला सांगितला, कारण दुसरा निवडला तर म्हणे चौकशी लागते. पुढच्या पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : परत मिळणारी रक्कम ० रुपये. मी ते मोठ्याने वाचूनही दाखवले. तो हसून म्हणाला, “ते सिस्टिममध्ये तसंच दिसतं काका, माझ्याकडे मंजुरीला आलं की पूर्ण रक्कम दिसेल.” आणि मी बटण दाबले. आयुष्यभर हिशेबाच्या कामात घालवलेल्या माणसाने डोळ्यांसमोरचे शून्य वाचावे आणि तरीही पुढे जावे, याची लाज मला आजही वाटते. पण ज्याच्याकडे खोल्या आहेत तोच माणूस खोल्या नाहीत म्हणून सांगत असताना, आणि तीन दिवसांत पाच मोठी माणसे व दोन मुले यांच्या मुक्कामाची सोय करायची असताना, त्याच्या शब्दावर संशय घ्यावा असे कोणाच्या मनात आले असते? त्याचे बोलणे अशक्य वाटणारे नव्हते. हॉटेलला शुल्क माफ करता येते, हे खरेच आहे. फक्त त्याचा क्रम उलटा असतो : अनेक अ‍ॅपवर ग्राहकाने आधी शुल्कमाफीची विनंती पाठवायची, हॉटेलने ती स्वीकारायची, पडद्यावरचे शून्य जाऊन पूर्ण रक्कम दिसू लागली की मगच रद्द करायचे. आधी रद्द केले की हॉटेलवर कसलेच बंधन उरत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याने त्याच क्रमांकावर संदेश पाठवून त्याच तारखांना दोन खोल्या आहेत का, असे विचारले. लेखी उत्तर आले : आहेत, रात्रीला ७,४०० रुपये. पाइपलाइन एका रात्रीत दुरुस्त झाली होती. दर ७,४०० का, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. खोलीचा दर रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर गेला की जीएसटी ५ ऐवजी १८ टक्के लागतो, त्यामुळे मोसमात दर चढवणारे हॉटेल या रेषेच्या जरा खाली थांबते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ४,२०० रुपयांना दिलेल्या खोल्या आता सहा खोली-रात्रींचे ४४,४०० रुपये देणार होत्या. हॉटेलने स्वतः आमचे आरक्षण रद्द केले असते तर अ‍ॅपला पैसे परत करावे लागले असते आणि अ‍ॅपवरील हॉटेलच्या क्रमवारीलाही धक्का बसला असता. मी रद्द केल्यामुळे नवे गिऱ्हाईकही मिळाले आणि आमचे पैसेही जप्त झाले. ही सगळी कारागिरी त्या एका बोटाच्या दाबावर उभी होती, आणि बोट माझे होते.

एक गोष्ट मात्र त्या माणसाने अतिहुशारीत केली. मी खरेच रद्द केले की नाही याची त्याला घाई असावी, म्हणून त्याने मला संदेश पाठवून पडद्याचे छायाचित्र मागितले. तोच संदेश आज माझा सर्वांत मोठा पुरावा आहे. तुम्हाला असा फोन आला तर बोलणे थांबवा आणि ‘खोल्या देता येत नाहीत, हे लिहून पाठवा’ एवढेच म्हणा. खरी अडचण असलेला माणूस लिहून देतो.

आता दाद मागण्याची कहाणी. अ‍ॅपच्या मदत कक्षात दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी तेच उत्तर : रद्द तुम्ही केले, कारण तुम्ही निवडले, धोरण हॉटेलचे आहे, हॉटेलशी बोला. हॉटेल म्हणे, पैसे अ‍ॅपने घेतले, अ‍ॅपशी बोला. आमच्या भागातील पोलीस चौकीत मला आधी सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर फोन करायला सांगितले. तेथून कळले की पैसे खऱ्या हॉटेलसाठी खऱ्या अ‍ॅपला तुम्ही स्वतः भरले आहेत, त्यामुळे हा सायबर गुन्हा दिसत नाही. पुन्हा चौकीत गेलो तर हे दिवाणी प्रकरण आहे, आणि तक्रार द्यायचीच असेल तर हॉटेल ज्या हद्दीत आहे तेथे जा, असा सल्ला मिळाला. म्हणजे २६,४६० रुपयांसाठी मी पुण्याहून कोकणात जाऊन अर्ज द्यायचा आणि तेथेही ‘दिवाणी’ हाच शब्द ऐकून परत यायचे! अर्ज निदान ठेवून घ्या आणि पोच द्या, एवढे सांगण्यासाठी मला अर्धा दिवस बाकावर बसावे लागले. पर्यटनाशी संबंधित एका कार्यालयाने अशी हॉटेले आपल्या अखत्यारीत येत नाहीत, असे सांगून फोन ठेवला. मोसमापूर्वी ‘या, या’ म्हणणारे फलक लावायला सगळे पुढे असतात. आलेल्या माणसाला कोणी लुबाडले तर तो कोणाच्याच अखत्यारीत नसतो.

बँकेने तर कमालच केली. क्रेडिट कार्डावरील व्यवहाराला हरकत घेता येते आणि त्याची मुदत साधारणपणे १२० दिवसांची असते, हे मला ठाऊक होते. परंतु हरकत कोणत्या सदराखाली घेतली जाते, यावर सगळे अवलंबून असते. ‘सेवा रद्द केली, पैसे परत आले नाहीत’ या सदरात गेले की रद्द करण्याच्या अटी पाहिल्या जातात, आणि अटींत तर शून्य लिहिलेलेच असते. ‘सेवा पुरवलीच नाही’ या सदरात गेले तर हॉटेलला खोली देण्याची तयारी होती हे दाखवावे लागते. मी संदेशासह सर्व हकिगत पाठवली. समोरच्याने त्यातील ‘रद्द’ हा शब्द पाहिला आणि पहिले सदर निवडले. हरकत फेटाळली गेली. सदर बदलून पुन्हा पाठवा म्हटले तर एकाच व्यवहारावर दुसरी हरकत घेता येत नाही, असे कळवण्यात आले. अर्ज भरताना सदर स्वतः वाचून निवडा, फोनवरच्या माणसावर सोडू नका.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी, नोंद क्रमांक जपून ठेवावा. पण ती तक्रार कंपनीकडे पाठवून मध्यस्थी करते, पैसे परत करण्याचा आदेश देत नाही, हे समजूनच नोंदवावी. शेवटी मी हॉटेललाच रीतसर पत्र लिहिले. फोनवरची भांडणे वाऱ्यावर जातात; पत्र पुढे आयोगापुढे लावता येते. पत्र कोणाच्या नावाने लिहायचे, हाही प्रश्न होता, कारण पाटीवरचे नाव म्हणजे मालक नव्हे. पावतीवरील जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर करदात्याच्या शोधात टाकला की नोंदणीकृत नाव आणि व्यवसायाचे ठिकाण मिळते. त्या नावाने लिहिलेले पत्र, ओळख पटवणारा मजकूर वगळून, पुढे देत आहे.

दिनांक : ५ जानेवारी २०२६

प्रति,
मालक, (हॉटेलचे नोंदणीकृत नाव व पत्ता)

विषय : २४ ते २७ डिसेंबर २०२५ या मुक्कामाचे आरक्षण आपल्या सांगण्यावरून रद्द झाल्याबद्दल भरलेली रक्कम व नुकसानभरपाई परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी २ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या हॉटेलातील दोन खोल्या वरील तीन रात्रींसाठी आरक्षित केल्या आणि कर धरून २६,४६० रुपये त्याच दिवशी भरले. आरक्षण निश्चित झाल्याचे पत्र व पैशांची पावती सोबत जोडली आहे.

२१ डिसेंबर २०२५ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी आपल्या व्यवस्थापकांनी आरक्षणपत्रावर छापलेल्या हॉटेलच्या क्रमांकावरून मला फोन करून दोन्ही खोल्या उपलब्ध नसल्याचे कळवले आणि पूर्ण रक्कम परत देण्याचे आश्वासन देऊन आरक्षण माझ्या बाजूने रद्द करण्यास सांगितले. त्यानुसार मी १२ वाजून ५ मिनिटांनी ते रद्द केले. १२ वाजून २२ मिनिटांनी त्याच क्रमांकावरून मला पुढील संदेश आला : “काका, रूमचं काम निघाल्यामुळे कॅन्सल करायला सांगितलं होतं, झालं का? स्क्रीनशॉट पाठवा.” या संदेशाची प्रत व त्या दिवशीच्या फोनची नोंद सोबत आहे.

२२ डिसेंबर रोजी याच तारखांना दोन खोल्या रात्रीला ७,४०० रुपये दराने उपलब्ध असल्याचे आपल्याच क्रमांकावरून एका अन्य व्यक्तीस लेखी कळवण्यात आले. त्याचीही प्रत जोडली आहे. त्यामुळे खोल्या उपलब्ध नसल्याचे मला दिलेले कारण खरे नव्हते, असे माझे म्हणणे आहे.

आरक्षण कोणाच्या मोबाइलवरून रद्द झाले, हा येथे प्रश्न नाही. ठरलेली सेवा देणार नाही, असे आपण प्रथम सांगितले आणि आपल्या आश्वासनावर विसंबून मी पुढील कृती केली. ग्राहकाने स्वतःचा बेत बदलल्यास लागू होणारी अट या प्रसंगी लागू होत नाही. आपले वर्तन ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरते.

३० डिसेंबर रोजी आपण करवजा २५,२०० रुपयांचे पत-कूपन, केवळ बिगरमोसमात व शनिवार-रविवार वगळून वापरण्याच्या अटीवर, देऊ केले आणि जीएसटी शासनाकडे भरला असल्याने परत करता येणार नाही, असे सांगितले. हा प्रस्ताव मला मान्य नाही. आगाऊ रक्कम घेऊन सेवा दिली नसेल आणि कर-बीजकही दिले नसेल, तर परतावा व्हाउचर देण्याची तरतूद केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३१(३) मध्ये आहे. आपण मला कर-बीजक दिलेले नाही. तेव्हा १,२६० रुपये रोखून ठेवण्यास कराचे कारण पुरेसे नाही.

ऐन मोसमात आमच्या कुटुंबाला जवळच्या एका घरगुती निवासात दोन खोल्या रात्रीला प्रत्येकी ५,५०० रुपये दराने घ्याव्या लागल्या. त्याचे ३३,००० रुपये झाले व त्याची पावती सोबत आहे. आपण करार पाळला असता तर माझा खर्च २६,४६० रुपयेच झाला असता. जादा लागलेले ६,५४० रुपये हे करारभंगाचे थेट नुकसान असून भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ खाली मी ते मागत आहे.

तरी माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. भरलेले २६,४६० रुपये आणि जादा खर्चाचे ६,५४० रुपये, असे एकूण ३३,००० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत परत करावेत. ही रक्कम पैशांच्या स्वरूपातच मिळावी, कूपन वा पुढील मुक्कामाच्या स्वरूपात नव्हे. आणि उत्तर लेखी द्यावे. मुदतीत रक्कम न मिळाल्यास मी माझ्या निवासाच्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे आपल्यासह अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीविरुद्ध तक्रार दाखल करीन व त्या वेळी व्याज आणि खर्चाचीही मागणी करीन.

या पत्राची प्रत अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पाठवली आहे.

आपला,
(सही)

या पत्रात मला अनेक गोष्टी लिहायच्या होत्या. पहिल्या मसुद्यात चोर, लबाड, आईला झालेला मनस्ताप, असे सगळे होते. वकील असलेल्या शेजाऱ्यांनी ते सगळे खोडून तारीख, वेळ आणि रक्कम एवढेच ठेवले. ‘मानसिक त्रासाचे पाच लाख’ हेही त्यांनीच खोडले, कारण फुगवलेला आकडा दिसला की खऱ्या आकड्यावरचाही विश्वास उडतो. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, त्यामुळे स्पीड पोस्ट करताना पोहोचल्याचा पुरावा वेगळा मागून घ्या. नुसत्या पावतीवरून पत्र पाठवल्याचे कळते, कोणी घेतले ते कळत नाही. संदेश पुसला जाण्याआधी त्याचे छायाचित्र घ्या, पण मूळ संदेशही फोनमध्ये राहू द्या.

अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला प्रत पाठवण्याचे कारण ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये आहे. या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. त्याच नियमांतील ४(८) सांगतो की ग्राहकाने रद्द केल्यास शुल्क लावायचे असेल, तर स्वतः एकतर्फी रद्द केल्यास तसेच शुल्क त्या कंपनीनेही सोसले पाहिजे. मदत कक्षातील माणसे हा नियम कधी उच्चारत नाहीत. या अधिकाऱ्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. आमच्या अ‍ॅपने तो अटींच्या पानाच्या अगदी तळाशी ठेवला होता.

हॉटेलने ८ जानेवारीला पत्र घेतले आणि मुदतीत उत्तर दिले नाही. मग मी पुण्यातूनच ग्राहक आयोगाच्या ई-जागृती या संकेतस्थळावर ऑनलाइन तक्रार दाखल केली. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ज्यांनी मला कोकणात जायला सांगितले, त्यांपैकी एकानेही यातील अक्षर सांगितले नव्हते.

त्यानंतर ११ फेब्रुवारीला माझ्या कार्डावर अ‍ॅपच्या नावाने २६,४६० रुपये जमा झाले. सोबत एकही ओळ नाही. दोन दिवसांनी हॉटेलच्या त्याच अदबशीर व्यवस्थापकाचा फोन आला आणि पैसे मिळाले असतील तर ‘आता काही येणे बाकी नाही’ एवढे संदेशात लिहा, म्हणजे आमची फाइल बंद होईल, असे त्याने सुचवले. या खेपेस मी त्याला लेखी विचारायला सांगितले. त्याने ते अद्याप केलेले नाही. मी मात्र अ‍ॅपला आणि हॉटेलला कळवले आहे की २६,४६० रुपये उरलेल्या मागणीचा हक्क राखून स्वीकारले आहेत, ६,५४० रुपये, व्याज आणि खर्च येणे आहे आणि तक्रार त्या रकमेपुरती चालू राहील.